घसारा बदला, पण आजपासून पुढे

कसब्या बावड्यात छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आहे आणि आजूबाजूच्या गावांत घरटी एखादा तरी कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचा सभासद आहे. सप्टेंबरात सर्वसाधारण सभा आली की अहवालाची पुस्तिका घरी येते. ऊसदर, गाळप, साखर उतारा, कर्ज एवढं बघून ती खुंटीला लागते. घसाऱ्याच्या ओळीवर सहसा कुणाची नजर थांबत नाही. नफा-तोटा पत्रकातल्या मोठ्या खर्चांत हा एकच असा आहे, ज्यासाठी त्या वर्षी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि ज्याचा आकडा बिलावरून न ठरता अंदाजावरून ठरतो. हा अंदाज मध्येच बदलला तर काय करायचं, यावर सभासदाचं मत असायला हवं. माझं मत खाली मुद्देवार मांडतो. उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. ते कुठल्याही खऱ्या कारखान्याचे किंवा संस्थेचे नाहीत.

१. घसारा हा तीन अंदाजांवर उभा असतो.

पहिला अंदाज म्हणजे यंत्र किती वर्षं काम देईल. दुसरा, शेवटी भंगारात काय येईल. तिसरा, मधल्या वर्षांत यंत्राचा उपयोग कशा चालीने संपेल. तो दरवर्षी सारखाच संपतो असं मानलं तर सरळ हप्त्याची पद्धत, म्हणजे दरवर्षी तेवढीच रक्कम. सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी संपतो असं मानलं तर घटत्या शिलकेची पद्धत, म्हणजे राहिलेल्या पुस्तकी किमतीवर दरवर्षी ठरावीक टक्के.

उपयुक्त आयुष्याचा अंदाज वाटेल तसा करता येत नाही. कंपन्यांसाठी २०१३च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ वर्षं, कारखान्याच्या इमारतीला ३० वर्षं, फर्निचरला १० वर्षं आणि संगणकाला ३ वर्षं दिली आहेत. भंगार किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरायची नाही, असंही तिथे आहे. सहकारी संस्थेला ही अनुसूची थेट लागू नाही, पण आधार म्हणून ती हाताशी असते. अनेक संस्था मात्र आयकराचेच दर उचलून पुस्तकात लावतात. आयकरातला घसारा हा कराच्या सवलतीचा हिशेब आहे. आपला बॉयलर किती वर्षं चालेल, हे त्या दरांवरून कळत नाही.

२. नियम आता साफ आहे, पण तो पूर्वी असा नव्हता.

आयुष्याचा अंदाज बदलला तर राहिलेली पुस्तकी किंमत राहिलेल्या वर्षांत वाटायची, हे जुन्या लेखा मानक ६ मध्येही होतं. पद्धत बदलली तर मात्र त्या मानकाचा नियम वेगळा होता. यंत्र वापरात आलं त्या दिवसापासून नव्या पद्धतीने सगळा घसारा पुन्हा काढायचा आणि जो फरक निघेल तो बदलाच्या वर्षी एकरकमी नफा-तोट्यात घ्यायचा. सुधारित लेखा मानक १० आलं, कंपन्यांना ते १ एप्रिल २०१६पासूनच्या हिशेबांना लागू झालं, आणि मानक ६ गेलं. आता पद्धतीतला बदलही अंदाजातला बदल मानला जातो. त्याचा परिणाम चालू वर्षावर आणि पुढच्या वर्षांवर होतो, मागच्या वर्षांना हात लागत नाही.

मुदत, भंगार किंमत आणि पद्धत या तिन्ही गोष्टी किमान दर वर्षअखेरीला तपासाव्यात, असंही हे मानक सांगतं. पद्धत बदलायला कारण मात्र एकच चालतं: यंत्राचा उपयोग संपण्याची चाल खरोखर बदलली पाहिजे.

३. फरक किती पडतो ते एका यंत्रावर पाहू.

समजा एका कारखान्याने १२ कोटींची मिल बसवली. आयुष्य १५ वर्षं आणि भंगार किंमत ५ टक्के, म्हणजे ६० लाख. एकूण घसारा ११ कोटी ४० लाख. घटत्या शिलकेने हे बसवायचं तर दर साधारण १८.१ टक्के पडतो. पहिल्याच वर्षी २ कोटी १७ लाख घसारा लागतो आणि पाच वर्षांनी पुस्तकी किंमत ४ कोटी ४२ लाखांवर येते. सहाव्या वर्षी जुन्याच पद्धतीने सुमारे ८० लाख घसारा पडला असता. संचालक मंडळ सहाव्या वर्षापासून सरळ हप्त्यावर जायचं ठरवतं.

आजच्या नियमाने ४ कोटी ४२ लाखांतून भंगाराचे ६० लाख वजा केले की ३ कोटी ८२ लाख राहतात. ते राहिलेल्या १० वर्षांत वाटले की दरवर्षी ३८ लाख २० हजार. म्हणजे पहिल्याच वर्षी जवळजवळ ४२ लाखांनी घसारा कमी दिसतो आणि तेवढ्याने नफा वाढलेला दिसतो.

जुन्या नियमाने काय झालं असतं? पहिल्या दिवसापासून सरळ हप्ता धरला तर वर्षाला ७६ लाख, पाच वर्षांत ३ कोटी ८० लाख. प्रत्यक्षात लावला होता ७ कोटी ५८ लाख. फरक ३ कोटी ७८ लाख, आणि तो सगळा एका वर्षाच्या नफ्यात जमा! एक रुपयाची साखर जास्त न विकता, उतारा एका दशांशाने न वाढता. पुढची दहा वर्षं मग दरवर्षी ७६ लाखांचा घसारा सोसायचा. एका मंडळाने नफा दाखवायचा आणि पुढच्याने त्याचं ओझं वाहायचं, अशी सोय त्या नियमात होती. ती बंद झाली हे चांगलं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या नियमातही पहिल्या वर्षांना थोडा फायदा मिळतोच, हे लपवायचं कारण नाही. सहाव्या ते नवव्या वर्षापर्यंतचा घसारा जुन्या पद्धतीपेक्षा मिळून सुमारे ९० लाखांनी कमी दिसतो. दहाव्या वर्षी जुन्या पद्धतीने ३६ लाखच लागले असते, तिथून गणित उलटं फिरतं आणि शेवटच्या सहा वर्षांत तेच ९० लाख परत भरावे लागतात. एकूण बेरीज कुठल्याही वाटेने ११ कोटी ४० लाखच. बदलतं ते एवढंच, की कुठल्या वर्षाने किती उचलायचं.

४. "मागची वर्षंही दुरुस्त करा" ही मागणी का मान्य करू नये.

सभेत ही मागणी होते आणि ती वरवर न्यायाची वाटते. मागची पाच वर्षं घसारा जास्त लावला, नफा कमी दिसला, लाभांश कमी मिळाला, मग त्या सभासदांचं काय? प्रश्न रास्त आहे. पण तो उलटा फिरवून पाहा. मागची पाच वर्षं घसारा कमी लागला होता असं आज ठरलं, तर त्या वर्षांचा लाभांश किती सभासद परत आणून देतील? कुणीच नाही, आणि कायद्यानेही कुणी मागणार नाही. ज्या नियमाने फक्त आपल्याकडे पैसे येतात तो नियम आपण न्याय म्हणून मागू शकत नाही.

दुसरं कारण अंदाजाच्या स्वभावात आहे. पाच वर्षांपूर्वी मुख्य अभियंत्याने तेव्हाच्या माहितीवर १५ वर्षं सांगितली. आज रोलर बदलले, मिल विजेच्या मोटरवर गेली, गाळप क्षमता वाढली, म्हणून नवी माहिती हातात आहे. ती तेव्हा नव्हती. तेव्हाचा अंदाज तेव्हा बरोबरच होता. त्यावर ताळेबंद झाला, सहकार कायद्याच्या कलम ८१खाली लेखापरीक्षण झालं, सभेत हात वर झाले. कलम ६६प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला गेला, कलम ६७च्या १५ टक्क्यांच्या मर्यादेत लाभांश वाटला गेला. बँकेने त्याच आकड्यांवर कर्ज दिलं. नव्या माहितीने जुनी वर्षं पुन्हा लिहायची तर ही सगळी साखळी उसवावी लागेल, आणि पुढच्या वर्षी अंदाज पुन्हा बदलला की पुन्हा.

तिसरं कारण रोखीचं आहे. घसारा कमी केल्याने तिजोरीत एक पैसाही येत नाही. वरच्या उदाहरणातले ४२ लाख हे फक्त कागदावरचे आहेत. त्यातले साडेदहा लाख राखीव निधीला गेले तरी उरलेले वाटण्याजोगे दिसतात, आणि ते वाटले तर प्रत्यक्ष रोकड बाहेर जाते. ज्या कारखान्याला हंगाम सुरू करायला पूर्वहंगामी कर्ज काढावं लागतं, त्याच्या बाबतीत याचा अर्थ कर्ज काढून लाभांश वाटणं असा होतो. ४२ लाखांच्या बाबतीत हे खरं, तर जुन्या नियमाच्या ३ कोटी ७८ लाखांच्या बाबतीत ते कितीतरी पटीने खरं होतं.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. घसारा वाढवून ऊसदर मारला, असं ऐकू येतं. किमान ऊसदर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार साखर उताऱ्याशी जोडून ठरवतं. महाराष्ट्राच्या २०१३च्या ऊसदर कायद्यातलं सूत्रही महसुलातल्या वाट्यावर बांधलं आहे, नफ्यावर नाही. दोन्हींत घसारा येत नाही. तो येतो लाभांशात, राखीव निधीत आणि संस्थेच्या नक्त मूल्यात. भांडायचं तर तिथे भांडावं.

५. अंदाज बदलणं वेगळं, चूक सापडणं वेगळं.

"पुढच्याच वर्षांत परिणाम" हा नियम चुकीला लागू नाही, आणि पळवाट इथेच निघते. १५ टक्के दर ठरला असताना ५ टक्क्यांनी घसारा लावला, यंत्र चालू होऊन तीन वर्षं झाली तरी ते "काम चालू" खात्यातच पडून राहिलं आणि त्यावर घसाराच लागला नाही, बेरीज चुकली, या सगळ्या चुका आहेत. तेव्हा उपलब्ध असलेली माहिती वापरली गेली नाही, एवढी एक कसोटी पुरते. लेखा मानक ५प्रमाणे अशी रक्कम मागील काळातील बाब म्हणून चालू वर्षाच्या पत्रकात वेगळी दाखवायची असते, म्हणजे चालू वर्षाच्या कामगिरीत ती मिसळत नाही. मोठ्या कंपन्यांना लागू असलेली भारतीय लेखा मानकं त्याहून कडक आहेत. तिथे चूक मोठी असेल तर मागचे आकडेच दुरुस्त करून पुन्हा छापावे लागतात.

म्हणून "उपयुक्त आयुष्याचा फेरविचार केला" हे वाक्य अहवालात दिसलं की विचारावं: ही कुठली नवी माहिती आहे, आणि ती केव्हा हाती आली? उत्तरात तारीख, अभियंत्याची टिपणी, दुरुस्तीचं काम असं काही आलं तर तो अंदाज. मागच्या अहवालातली लेखापरीक्षकाची हरकत निस्तरायला हे वाक्य टाकलं असेल तर ती चूक आहे, आणि ती चूक म्हणूनच वेगळ्या ओळीत दाखवली पाहिजे.

६. आयुष्य कमी होतं तेव्हाही नियम तोच लावायचा.

आयुष्य वाढवण्याची चर्चा होते, कमी करण्याची फारशी होत नाही. पंचगंगेच्या काठाला मात्र ती व्हायला हवी. बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. नदीकाठी सहकारी पाणीपुरवठा संस्थांची जॅकवेल आणि मोटारपंप उभे आहेत.

अशा एका संस्थेने ९ लाखांचा मोटारपंप घेतला, १५ वर्षं आयुष्य धरलं, भंगार किंमत सोयीसाठी सोडून दिली, असं समजा. घसारा वर्षाला ६० हजार. सहा वर्षांनी पुस्तकी किंमत ५ लाख ४० हजार. पंप दोनदा पाण्याखाली गेला, दोनदा रिवाइंडिंग झालं आणि आता मेकॅनिक सांगतो की हा फार तर आणखी तीन वर्षं चालेल. मग ५ लाख ४० हजार भागिले तीन, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. घसारा तिप्पट झाला. मागच्या सहा वर्षांत तो कमी लागला असं आज दिसतं, तरी ती वर्षं उघडायची नाहीत.

मात्र पुराने त्याच वर्षी जे नुकसान केलं ते घसाऱ्यात दडवू नये. स्टार्टर, पॅनेल किंवा केबल निकामी झाली असेल तर तिची पुस्तकी किंमत त्याच वर्षी तोट्यात जाते. जे अजून चालू आहे आणि फक्त लवकर संपणार आहे, त्याचीच राहिलेली किंमत कमी केलेल्या वर्षांत वाटायची. ही दोन खाती एकत्र केली की पुराचं नुकसान किती, हे कधीच कळत नाही, आणि पाणीपट्टी किती वाढवायची याचाही अंदाज चुकतो.

बंद हंगामाबद्दलही हेच लक्षात ठेवावं. कारखाना मार्च-एप्रिलात बंद झाला आणि यंत्रं सहा-सात महिने उभी राहिली, म्हणून सरळ हप्त्याचा घसारा थांबत नाही. गाळपाच्या टनांवर घसारा लावणारी तिसरी पद्धत आहे आणि साखर कारखान्याच्या मिलला ती कागदावर शोभतेही. पण दुष्काळात ऊस कमी आला की घसारा आपोआप घटतो, आणि यंत्राला गंज मात्र चढतच असतो. मी असतो तर ती निवडली नसती.

७. बदल प्रामाणिक आहे की सोयीचा, हे अहवालातूनच कळतं.

सगळ्यात चांगला पुरावा मालमत्ता विक्रीच्या नफ्या-तोट्यात असतो. जुनी यंत्रं विकताना किंवा भंगारात काढताना दरवेळी तोटा होत असेल, तर पुस्तकी किंमत खऱ्या किमतीपेक्षा जास्त राहते आहे. म्हणजे धरलेली आयुष्यं आधीच लांब आहेत. अशा संस्थेने आयुष्य आणखी वाढवलं तर संशय घ्यावा. दरवेळी नफा होत असेल तर आयुष्यं आखूड धरली आहेत, आणि ती वाढवण्याला आधार आहे.

दुसरी खूण दुरुस्ती खर्चाची. यंत्राचं आयुष्य पाच वर्षांनी वाढलं असं मंडळ म्हणतं आणि त्याच यंत्राचा ओव्हरहॉलिंगचा खर्च दरवर्षी चढतो आहे, तर दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. तिसरी खूण वेळेची. तोटा होणार असं दिसत असताना, किंवा संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर असताना पद्धत बदलली, आणि काही वर्षांत ती पुन्हा जुन्यावर आली, तर उपयोगाची चाल दोनदा बदलली यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. वेळ संशयास्पद आहे एवढ्यावरून मात्र आरोप करू नये. आधी कारण मागावं.

८. मग सभासदाने मागायचं काय?

मागचे आकडे बदलत नाहीत म्हणून अहवालात एक अडचण उरते. नफा-तोटा पत्रकात गेल्या वर्षीचा आकडा जुन्या पद्धतीचा आणि शेजारचा यंदाचा नव्या पद्धतीचा. दोन्ही बघून नफा वाढला असं वाचक समजतो. नियमाच्या विरोधात जो एकच खरा आक्षेप आहे तो हा, आणि त्यावरचा उपायही नियमातच आहे. लेखा मानक ५प्रमाणे अंदाजातल्या बदलाचं स्वरूप आणि चालू वर्षावरचा परिणाम, तो महत्त्वाचा असेल तर, रकमेसह सांगावा लागतो. पुढच्या वर्षांवर मोठा परिणाम होणार असेल तर तोही. "संचालक मंडळाने घसाऱ्याच्या धोरणात योग्य तो बदल केला आहे" या वाक्याने ते होत नाही.

तेव्हा सभेची सूचना आणि अहवाल हाती आला की घसाऱ्याच्या टिपा काढा. पद्धत किंवा आयुष्य बदललेलं दिसलं तर, सूचनेत प्रश्नांसाठी दिलेली मुदत संपण्याआधी, कार्यालयात लेखी चार प्रश्न द्या आणि पोच घ्या. कुठल्या मालमत्तेचं काय बदललं? कुणाच्या लेखी अहवालावरून? जुन्या पद्धतीने यंदाचा घसारा किती आला असता आणि त्याचा निव्वळ नफ्यावर किती परिणाम झाला? यंदाचा लाभांश या वाढलेल्या कागदी नफ्यातून जातो आहे का? चारही उत्तरं अहवालाच्या एका पानावर मावतात. ती मिळाल्याशिवाय ताळेबंदाच्या ठरावाला "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर करू नका.